पिंपातली अंडी आणि बाटलीवरचा हिरवा ठिपका

द्राक्षमजुरांच्या पाहणीसाठी आम्ही नाशिककडच्या एका वायनरीत गेलो होतो. आम्ही दारू पीत नाही, पण सोबतची एक कार्यकर्ती व्हीगन होती. तिने विचारले, ही वाइन आम्हाला चालेल का? माहिती देणारे साहेब म्हणाले, "द्राक्षाचाच रस, शंभर टक्के शाकाहारी!" मागे उभा असलेला तळघरातला कामगार हळूच म्हणाला, "लाल वाइनीत अंडी घालतो की आम्ही."

दोघेही आपापल्या जागी खरे होते. मुद्दा इथेच सुरू होतो.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो. वाइन निवळण्याची रीतही तशीच आहे. लाल वाइनीतला तुरटपणा टॅनिनमुळे येतो आणि टॅनिन प्रथिनाला चिकटते. म्हणून 225 लिटरच्या पिंपात साधारण पाच अंड्यांचा पांढरा बलक, फेस न आणता थोडे मीठ घालून ढवळून ओततात. बलक टॅनिनला धरून तळाशी बसतो आणि वरची वाइन दुसऱ्या पिंपात काढून घेतात. बलक जास्त पडला तर तुरटपणासोबत चवही जाते. पांढऱ्या वाइनीसाठी दुधातले केसीन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला आयसिंग्लास वापरतात. जिलेटिन तर जनावरांच्या कातडी-हाडांतूनच येते.

हिशेब करून पाहा. पाच बलकांत सुमारे 17 ग्रॅम प्रथिन, म्हणजे लिटरमागे साधारण 75 मिलिग्रॅम. त्यातले जवळजवळ सगळे गाळात जाते. युरोपात अंडे किंवा दूध वापरल्याची सूचना लेबलवर द्यावी लागते, पण ती ॲलर्जीसाठी आणि लिटरमागे 0.25 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त अंश उरला तरच. आयसिंग्लासला तर तिथे सूटच आहे. म्हणजे सूचना नाही याचा अर्थ प्राणिज काही वापरले नाही, असा होत नाही.

मग शाकाहारी कशाला म्हणायचे? आपल्या कायद्यात अंडे मांसाहारी आणि दूध शाकाहारी. युरोपातला शाकाहारी सहसा अंडे खातो. व्हीगन माणसाला दोन्ही चालत नाही. त्यात कायदा "घटक" मोजतो, आणि निवळून काढून टाकलेला बलक घटक की नुसते साधन, हा वाद उरतोच. शाकाहाराची रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती कोणाच्या ताटाकडे पाहून आखली, हे आपण विचारलेच पाहिजे.

म्हणून ठिपक्यावर विसंबू नका. "ही वाइन कशाने निवळली?" एवढेच विचारा. उत्तर बेंटोनाइट माती किंवा वाटाण्याचे प्रथिन आले, किंवा निवळलीच नाही असे आले, तर व्हीगन माणसाचा प्रश्न मिटतो. उत्तरच आले नाही, तर तळघरातल्या कामगाराला विचारा. अंडी तोच फोडतो.