कोरफड, केकताड आणि उन्हाचा डाग

आमच्या माकणीच्या भागात बांधाला केकताड असतं. पुस्तकात त्याला घायपात म्हणतात. जनावर शेतात शिरू नये म्हणून आणि दोराला वाख मिळावा म्हणून ते लावलं जाई. पुढे नायलॉन आलं, दोर वळणारे हात कमी झाले, तरी बांधावरचं केकताड काही हटलं नाही. मूळचं ते मेक्सिकोकडचं. कोरफड आली अरबस्तानातून. दोघींचं नातं तसं लांबचं, पण कोरड्या मुलखात पानात पाणी साठवून जगायचं हा दोघींचाही मार्ग. त्यामुळे रूपही एकच झालं: जाड, टोकदार पानांचा जमिनीलगतचा गुच्छ. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो हे गावाला ठाऊक असल्याने पान पिशवीत घालून आणणारे बरेच येतात. प्रश्न ठरलेला असतो, "सर, ही कोरफडच की नाही?"

सगळ्यात जास्त फसवतं ते बिनकाट्याचं केकताड, म्हणजे सिसल. घायपाताच्या मोठ्या जातीला कडेला आकड्यासारखे कडक काटे असतात. तिला कुणी कोरफड म्हणत नाही. सिसलची कड मात्र जवळजवळ गुळगुळीत. त्यातून ते आयुष्यात एकदाच फुलतं. दोन पुरुष उंचीचा दांडा वर जातो, फुलं गळाली की त्याच दांड्यावर शेकडो छोटी रोपं धरतात आणि खाली पडून रुजतात. वीतभर, करड्या हिरव्या, मऊ दिसणाऱ्या या रोपांना गावात कोणीही कोरफडीची पिल्लं समजेल. मोठं झाड मेलेलं असतं, त्यामुळे ही कुणाची पिल्लं हे सांगायलाही कोणी उरत नाही.

अशा वेळी मी आधी पानाचं टोक बघतो. केकताडाचं टोक म्हणजे काळपट, टणक सुई. कोवळ्या रोपातही ती बोटाला टोचते. कोरफडीचं टोक निमुळतं असलं तरी मऊ. तिच्या कडेचे पांढरट दातही नखाने दाबले की वाकतात. मग पान मोडायचं. कोरफडीचं कट्‌कन मोडतं, सालीलगत पिवळा चीक पाझरतो आणि आत काचेसारखा गर दिसतो. हा चीक वाळवला की त्याचा काळा बोळ होतो. कडू आणि जहाल रेचक. केकताडाचं पान मोडता मोडत नाही, वाखाच्या तारा लोंबत राहतात. पिवळा चीक नाही. रस मात्र अंगाला लागला की खाज सुटते, कारण त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून ओळख पटेपर्यंत जीभ लावू नये. 2017 मध्ये चीनमधल्या एका बाईने लोकांसमोर थेट प्रक्षेपणात कोरफड समजून घायपात चावलं आणि तोंड, घसा भाजल्यासारखा होऊन तिला दवाखाना गाठावा लागला, अशी बातमी जगभर फिरली होती.

एक उलटी फसवणूकही होते. कोरफडीच्या कोवळ्या पिल्लाला पांढरे ठिपके असतात आणि पानं समोरासमोर दोन रांगांत येतात. ते बघून "ही शोभेची, औषधाची नव्हे" म्हणून लोक ती उपटून टाकतात. थोडं थांबलं तर पानं गोलाकार फिरतात आणि बहुतेक ठिपके पुसट होतात.

ओळख पटली की पुढचा प्रश्न येतो तो डागाचा, आणि माझ्या मते कोरफडी जास्त मरतात त्या इथे. एका ओळखीच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्यांनी हिरव्या जाळीखाली वाढलेली रोपं आणली आणि ऐन एप्रिलमध्ये उघड्या रानात लावली. आठवड्याभरात पानांच्या वरच्या खोलगट बाजूला, त्यातही मावळतीकडे, वाळक्या कडब्याच्या रंगाचे चट्टे पडले. त्यांना वाटलं झाड तहानलंय. त्यांनी पाणी वाढवलं, चट्टे गेले नाहीत. मग रोग म्हणून फवारणी केली आणि पाणी आणखी वाढवलं. मी गेलो तोवर काही झाडं मुळातून हलत होती.

पहिले चट्टे उन्हाचे होते. कोरफडीची पानावरची रंध्रं दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात. पाणी वाचवण्याची ही तिची सवय, पण तिची किंमत अशी की भर दुपारी घाम गाळून पान थंड करणं तिला जमत नाही. सावलीत वाढलेल्या पानात उन्हापासून राखणारे रंगही कमी. एकदम उघड्यावर आणलं की वरची साल भाजते. अशा वेळी मुळाशी ओतलेलं पाणी पानाला थंडावा देत नाही. ते जमिनीतच राहतं, आणि आमची काळी जमीन ते लवकर सोडत नाही. दिवसेंदिवस ओल्या चिखलात बसलेल्या मुळांना हवा मिळेना, ती कुजली, आणि कूज बुंध्यात चढली. उन्हाने झाड मेलं नसतं.

म्हणून डागाकडे नुसतं बघू नये, अंगठ्याने दाबावं. भाजलेला चट्टा कोरडा, कडक, कडा स्पष्ट असलेला. वास नाही, आणि तो पसरत नाही. कुजका डाग पाणी धरल्यासारखा ओलसर, तपकिरी, दाबला की बोट आत जातं, आणि नाकाला उग्र वास येतो. तो बहुधा पानाच्या बुडाशी सुरू होतो. पान हलकं ओढलं की हातात येतं. गाभ्याची पानं अशी निघून आली तर ते झाड गेलं समजावं. सगळं पान तांबूस झालं असेल, पण टणक असेल, तर तो रोगही नाही आणि भाजणंही नाही. ऊन सोसताना झाड तो रंग धरतं आणि सावलीत काही आठवड्यांत पुन्हा हिरवं होतं. भाजलेला चट्टा मात्र कधीच हिरवा होत नाही. ते पान कापायचीही गरज नाही. उरलेल्या हिरव्या भागाने ते झाडाला पोसत राहतं.

त्या शेतात आम्ही हलणारी झाडं उपटली. निरोगी मूळ पिवळट आणि ताठ होतं. कुजक्याची साल चिमटीत सरकून आत दोरा उरत होता. बुंधा धारदार सुरीने खालून वर कापत गेलो. काप पांढरा दिसेपर्यंत थांबायचं नाही. मधे तपकिरी कडं दिसलं तर कूज अजून आत आहे. प्रत्येक कापानंतर सुरी पुसली, नाहीतर आपणच कूज पुढे नेतो. मग ती रोपं सावलीत आठ-दहा दिवस उघडी ठेवली, जखम कोरडी होऊन खपली धरेपर्यंत. मुरूम आणि वाळूच्या कोरड्या मिश्रणात लावली, लगेच पाणी दिलं नाही. ज्यांचा गाभाच गेला होता ती वाचली नाहीत, पण त्यांच्या बाजूची टणक पिल्लं वेगळी करता आली.

जी झाडं नुसती भाजली होती त्यांच्यावर दुपारपुरती जाळी धरली आणि पाणी तोडलं. नवी रोपं आणायचीच असतील तर पावसाळ्यानंतर आणा, किंवा आधी दोन आठवडे फक्त सकाळचं ऊन दाखवा. आणि लावताना आळं करू नका, उलट मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. जूनचा पहिला मोठा पाऊस आळ्यात साचला, तर कूज पुन्हा बुडापासूनच सुरू होते.