गौरी-गणपतीचा ऑटो-रिप्लाय

गणपतीच्या आधी हिंजवडीतल्या कुठल्याही टीमचा रजेचा तक्ता उघडून बघा. कोकणातले सगळे एकाच दिवशी निघतात आणि गौरी गेल्याशिवाय परतत नाहीत. २०२५ मध्ये चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती आणि गौरी विसर्जन मंगळवारी, २ सप्टेंबरला. म्हणजे कामाचे पाच दिवस गेले. आमचा क्लायंट न्यू जर्सीचा. त्याला एका सोमवारची, १ सप्टेंबरच्या लेबर डेची सुट्टी, बाकी आठवडा नेहमीसारखा.

टीमची लीड म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांचे ऑटो-रिप्लाय मी एकदा नजरेखालून घालते. त्या वर्षी एका नव्या मुलाने लिहिलेला मजकूर माझ्यापुढे आला. मूळ इंग्रजीत होता, आशय असा: ‘मी २७/०८ ते ०३/०९ गणपतीसाठी चिपळूणजवळच्या गावी सहकुटुंब जात आहे. गावात रेंज नसते, त्यामुळे फोन लागणार नाही. सध्याच्या बिलिंग रिलीजबद्दल काही तातडीचं असल्यास माझ्या मित्राशी संपर्क साधा,’ आणि खाली मित्राचं नाव, मोबाइल नंबर. शिवाय माझं नाव, हुद्द्यासकट. मुलगा सालस, कोणाची अडचण होऊ नये म्हणून सगळं सांगून मोकळा झाला होता.

आधी तारीख घेतली. ०३/०९ हे अमेरिकन माणूस ९ मार्च असं वाचतो. शिवाय ‘३ पर्यंत’ म्हणजे तिसऱ्या तारखेला तू जागेवर आहेस की नाहीस? मुलगा म्हणाला, “मॅडम, तीन तारखेला प्रवासात.” मग समोरच्याला तुझी रजा कधी संपते ते कशाला हवं? तू त्याच्या मेलला उत्तर कधी देणार, ते त्याला हवं आहे. म्हणून ‘पासून-पर्यंत’ काढून टाकलं आणि एकच तारीख ठेवली: गुरुवार, ४ सप्टेंबर. वार लिहिला आणि महिना अक्षरात लिहिला की चुकायला जागाच राहत नाही.

वेळेचं गणित मात्र जरा किचकट निघालं. आउटलुकमध्ये `Automatic Replies` उघडून `Only send during this time range` वर खूण केली की सुरुवात आणि शेवट भरता येतो. त्याने सुरुवात २७ च्या सकाळची घातली होती. पण तो निघणार होता २६ ला दुपारी तीनला, माण-घोटवड्यावरून पौडला आणि पुढे ताम्हिणी उतरून माणगावला. ऑगस्टात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. आपले दुपारचे तीन म्हणजे तिथे पहाटेचे साडेपाच. क्लायंटचा अख्खा मंगळवार उत्तराविना गेला असता. शेवटाचंही तसंच. ३ तारखेच्या मध्यरात्री रिप्लाय बंद केला तर तिथे बुधवार दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे ऐन कामाची वेळ. म्हणून शेवट ४ तारखेला सकाळी नऊचा ठेवला.

मग दुसरा संपर्क. त्याने ज्या मित्राचं नाव दिलं होतं, तो स्वतः देवरुखला निघाला होता, आणि त्याच्या रिप्लायमध्ये याचंच नाव होतं! हा त्याच्याकडे बोट दाखवणार, तो याच्याकडे, आणि क्लायंट मध्ये लटकलेला. सणावारी हे हमखास होतं, कारण नाव लिहिण्याआधी कोणी कोणाला विचारत नाही. मी कोलकात्याच्या एका सहकारिणीशी बोलले. दुर्गापूजा त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी होती, तेव्हा तिची रजा आम्ही सांभाळायची, असा सौदा ठरला. कोणतं काम तिच्याकडे येईल, कोणतं ४ तारखेपर्यंत थांबेल, हेही तिला अर्धा तास बसून सांगितलं.

तरीही बाहेरच्या रिप्लायमध्ये तिचं नाव घातलं नाही, टीमच्या सामायिक मेलबॉक्सचा पत्ता घातला. आउटलुक एका माणसाला हा रिप्लाय साधारणपणे एकदाच पाठवतं. त्याने त्या काळात पुन्हा दहा मेल केल्या तरी दुसरा जात नाही. जीमेलचं वेगळं, तिथे चार दिवसांनी पुन्हा लिहिलं तर पुन्हा जातो. म्हणजे पहिल्या दिवशी मिळालेला पत्ता समोरचा माणूस शेवटपर्यंत धरून बसतो. सहकारीण मध्येच तापाने पडली असती, तर तिच्या नावावर गेलेल्या मेल तिच्या बंद लॅपटॉपमध्ये साठल्या असत्या. सामायिक मेलबॉक्स तीन जण उघडतात.

मुलाला सगळ्यात जास्त पटत नव्हतं ते रेंजबद्दलचं वाक्य काढणं. “पण खरंच रेंज नसते, मॅडम.” खरं असेल, पण हा रिप्लाय कोणाकोणाला जातो? क्लायंटला जातो, व्हेंडरला जातो, नोकऱ्या विकणाऱ्यांना जातो, आणि सहज खडा टाकून बघणाऱ्या ठगालाही जातो. त्या मजकुरातून ठगाला काय मिळालं ते बघ, म्हटलं. तू कोणत्या कामावर आहेस, तुझी वरिष्ठ कोण, तुझ्या जागी कोण, त्याचा मोबाइल कोणता. आता तो तुझ्या मित्राला लिहील, की निघण्यापूर्वी यांच्याशी बोलणं झालंय, आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यात करा. एरवी मित्राने काय केलं असतं? तुला फोन लावून विचारलं असतं. पण तुला ४ तारखेपर्यंत फोन लागणार नाही, हे तूच लिहून दिलंयस. खोटं उघडं पडायचा सोपा रस्ता त्या एका वाक्याने बंद होतो. ‘सहकुटुंब’ या शब्दाने पुण्यातलं घर कुलूपबंद आहे हेही कळतं, ते वेगळंच.

यावर तो काही बोलला नाही. ‘सहकुटुंब’ मात्र त्याने स्वतःच खोडला.

आउटलुकमध्ये मजकुराचे दोन कप्पे असतात, `Inside My Organization` आणि `Outside My Organization`. बहुतेक जण एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवतात. आम्ही आतल्या कप्प्यात सहकारिणीचं नाव आणि कोणत्या कामासाठी तिला गाठायचं ते लिहिलं. मोबाइल नंबर तिथेही नाही, ऑफिसच्या चॅटवर ती सापडतेच. बाहेरच्या कप्प्यात एवढंच उरलं: ‘आपली मेल मिळाली. मी सध्या कार्यालयात नाही. गुरुवार, ४ सप्टेंबरला परतल्यावर उत्तर देईन. त्याआधी मदत हवी असल्यास या पत्त्यावर लिहा.’ आणि खाली पत्ता. ‘तातडीचं असल्यास’ हे शब्द मी मुद्दाम टाळते, कारण आमच्या क्लायंटकडे तातडीचं नसलेलं काही नसतं. सणाचं नाव आतल्या कप्प्यात राहू दिलं. आपल्या माणसांना गणपतीच्या शुभेच्छा द्यायला कोण नको म्हणेल?

चाचणी म्हणून मी माझ्या खासगी जीमेलवरून त्याला एक मेल पाठवली. आपण लिहिलेलं बाहेरच्याला कसं दिसतं ते असंच बघावं लागतं, सहकाऱ्याच्या मेलवर आतलाच मजकूर येतो. पहिल्या खेपेला मजकूर बरोबर आला, पण खाली त्याची नेहमीची सहीसुद्धा आली, मोबाइल नंबरासकट. सही त्याने हौसेने मजकुरात चिकटवली होती. ती काढली आणि पुन्हा पाहायला दुसऱ्याच बाहेरच्या पत्त्यावरून मेल पाठवली, कारण माझ्या पहिल्या पत्त्याचा एकदाचा वाटा संपला होता.

गौरीपूजनाच्या दिवशी, सोमवारी, सहकारिणीने एका फाइलची परवानगी मागायला क्लायंटच्या मॅनेजरला लिहिलं. उत्तरादाखल त्याचाच ऑटो-रिप्लाय आला: आज कार्यालय बंद, मंगळवारी, २ सप्टेंबरला परत, मदतीसाठी हेल्पडेस्कचा पत्ता. तिने हेल्पडेस्कला लिहिलं आणि मंगळवारी परवानगी आली. मला तिचा फोन आला तो फक्त एवढं विचारायला, की येताना फणसपोळी मिळेल का.