वळसा

आडोसा हा शब्द मराठीत प्रकाशाला, वाऱ्याला आणि नजरेला सारखाच लागू पडतो. भिंतीच्या आडोशाला सावली असते, तिथे वारा लागत नाही, तिथलं कुणाला दिसत नाही. आवाजापाशी मात्र हा शब्द अडखळतो. भिंतीपलीकडे दोघं बोलत असतील तर बोलणारा कोण हे कळतं, रागावलाय की लाडात आलाय हेही कळतं, पण शब्द लागत नाहीत. आवाजाचा एक भाग भिंत ओलांडून येतो आणि दुसरा तिथेच अडतो. स, श, त, च यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच कंपनांमध्ये असते, ती भिंत कापून टाकते. स्वर आणि सुरावट खालच्या कंपनांवर चालतात, ती वरून उतरून आपल्यापर्यंत पोचतात. भाषांतर करणाऱ्या माझ्यासारखीला हा अनुभव नवा नाही. अर्धवट येणाऱ्या भाषेतलं बोलणं असंच ऐकू येतं.

हैदराबादेत आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर दोन वर्षांपूर्वी ध्वनिरोधक भिंत उभी राहिली. उंची साडेतीन मीटर, खाली काँक्रीट, वर जाड पॅनेल, कुठे फट नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. भिंत झाली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीतला फरक मला जाणवला. टायरांची सळसळ, ब्रेकची किंचाळी, स्कूटरच्या हॉर्नची धार, सगळं मागे सरकलं. उरली ती बस आणि ट्रकची घरघर. आवाज आता रस्त्यावरून न येता भिंतीच्या वरच्या कडेवरून येतोय असंही वाटायला लागलं. पुढे कळलं की तो निव्वळ भास नव्हता. भिंत पुरेशी जड आणि बिनफटीची असेल तर तिच्यातून आरपार येणारा आवाज किरकोळ असतो. मागे पोचतो तो मुख्यतः कडेवरून वळलेला आवाज, आणि कान त्याचा उगम कडेपाशीच शोधतो.

या वळण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो लॅटिनमधून आला. बोलोन्याचे जेझुइट पाद्री ग्रिमाल्दी यांचं प्रकाशावरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६६५ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात 'डिफ्रॅक्शिओ' आहे. त्याचा धात्वर्थ तुकडे होणं, फुटणं. मराठीत आणि हिंदीत आपण 'विवर्तन' म्हणतो. त्यात मोडतोड नाही, वळणं आहे. बंगालीत याच घटनेला 'अपवर्तन' म्हणतात, आणि मराठी शाळेत अपवर्तन म्हणजे पाण्यात काठी वाकडी दिसते ते. शेजारच्या भाषेतला ओळखीचा शब्द सरळ उचलला, तर विज्ञानाचं आख्खं पान चुकेल. भिंतीपुरतं बोलायचं तर मला विवर्तन हाच शब्द जास्त खरा वाटतो, कारण इथे लाट फुटत नाही. ती कडेला वळसा घालते.

पण सगळ्या लाटा सारख्या का वळत नाहीत? त्याचं उत्तर डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांच्या कल्पनेत आहे. पुढे सरकणाऱ्या लाटेच्या आघाडीवरचा प्रत्येक बिंदू स्वतःच एक छोटा उगम असतो आणि सगळीकडे लहान लाटा पाठवतो, असं ते म्हणत. फ्रेनेल यांनी पुढे त्याला जोड दिली की या लहान लाटा एकमेकींत मिसळतात. एकीचा चढ दुसरीच्या चढावर पडला तर जोर वाढतो, चढ उतारावर पडला तर दोघी विरतात. भिंत लाटेचा खालचा भाग कापते. कडेच्या वरची हवा मोकळी असते आणि तिथला प्रत्येक थर भिंतीमागच्या सावलीतही लहान लाटा पाठवत असतो. सावलीत किती आवाज पोचणार, हे त्या थरांमध्ये किती एकवाक्यता आहे यावर ठरतं.

आमच्याच खिडकीचा हिशेब करून पाहू. गाडीचा आवाज जमिनीपासून अर्ध्या मीटरवर निघतो असं धरू. गाडीपासून भिंत ६ मीटर, भिंतीपासून आमची खिडकी १० मीटर, आणि खिडकीत बसलेल्याचे कान जमिनीपासून साडेचार मीटरवर. गाडीपासून कडेपर्यंत अंतर ६.७१ मीटर येतं, कडेपासून कानापर्यंत १०.०५, बेरीज १६.७६. भिंत नसती तर सरळ रेषेत १६.४९ मीटर. म्हणजे भिंतीमुळे आवाजाला फक्त २७ सेंटिमीटरचा वळसा पडतो. हा वळसा सगळ्या आवाजांना सारखाच आहे. फरक पडतो तो ज्या मापाने तो मोजला जातो त्यात, आणि ते माप म्हणजे प्रत्येक आवाजाची स्वतःची तरंगलांबी.

हॉर्नची धार ३००० हर्ट्झच्या आसपास धरली तर तिची तरंगलांबी साधारण साडेअकरा सेंटिमीटर. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर दर फेऱ्याला तीन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला १००. त्या १०० हर्ट्झच्या घरघरीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, भिंतीच्या उंचीएवढी. आता कडेपासून वर चढत जा. जितकं वर जाल तितकी वरच्या थरातून कानापर्यंतची वाट कडेवरच्या वाटेपेक्षा लांब होते. ती अर्ध्या तरंगलांबीने लांबली की तिथली लाट कडेजवळच्या लाटेला विरोध करू लागते. हॉर्नच्या बाबतीत ही वेळ कडेपासून अवघ्या १६ सेंटिमीटरवर येते. त्यावरचे थर एकमेकांना खोडत जातात, आणि सावलीत आवाज पोचवायला प्रत्यक्षात वीतभर हवा उरते. इंजिनच्या बाबतीत तीच वेळ साधारण पावणेतीन मीटरवर येते. भिंतीच्या डोक्यावर पुरुषभर उंचीहून जास्त हवेचा पट्टा एका सुरात आवाज पाठवत असतो. उंच सुराला भिंतीवर फट मिळते, खर्जाला दरवाजा मिळतो.

जपानमधल्या कोबे विद्यापीठातले माएकावा यांनी हे मोजून त्याचा आलेख १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. पडणारा वळसा अर्ध्या तरंगलांबीत मोजायचा, म्हणजे त्यात अशा किती अर्ध्या लांब्या मावतात ते पाहायचं, आणि त्यावरून आवाज किती डेसिबलने घटेल ते वाचायचं. अभियंते आजही भिंतीचा पहिला अंदाज त्या वक्राशी जुळणाऱ्या साध्या सूत्राने करतात. आमच्या २७ सेंटिमीटरांत हॉर्नच्या साडेचारपेक्षा जास्त अर्ध्या लांब्या मावतात, म्हणून तो सुमारे २० डेसिबलने घटतो. टायरांची सळसळ १००० हर्ट्झच्या आसपास असते, ती १५ ने घटते. इंजिनच्या अर्ध्या लांबीचा जेमतेम सहावा हिस्सा त्या वळशात बसतो, म्हणून घट फक्त ८ डेसिबल. ढोबळमानाने १० डेसिबल घटले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणजे हॉर्न पाव झाला आणि इंजिन निम्मंही झालं नाही.

आता आईबद्दल. ती ७८ वर्षांची आहे, माझ्याच शेजारच्या खोलीत, त्याच रस्त्याकडे तोंड करून झोपते. भिंत झाल्यावर महिन्याभराने मी तिला विचारलं, "आई, आता बरं वाटतं ना गं?" ती म्हणाली, "कशाने? मला तर काहीच फरक वाटत नाही. रात्री त्या गाड्या छातीत वाजतात." मला वाटलं, ती सवयीने कुरकुरतेय. मग तिच्या कानांच्या तपासणीचा जुना कागद काढला. त्यावरची रेघ डावीकडे, खालच्या सुरांपाशी, जवळजवळ सपाट होती आणि उजवीकडे उंच सुरांकडे जाताना घाटासारखी उतरलेली. वयाने कान जातो तो बहुधा असाच, वरून. हॉर्नची धार, टायरांची सळसळीतली झिणझिण आईपर्यंत भिंत होण्याआधीही धड पोचत नव्हती. भिंतीने मला जे दिलं, ते वयाने तिच्याकडून आधीच काढून घेतलं होतं. तिच्या वाट्याला आले ते खर्जातले ८ डेसिबल, आणि रात्री रस्त्यावर ट्रकच जास्त असतात तेव्हा तेही दिसेनासे होतात. आम्ही दोघी एकाच भिंतीमागे राहत होतो आणि दोघींचं म्हणणं खरं होतं.

भिंत आणखी उंच करून मागता आली असती. एक मीटर वाढवली तर वळसा २७ वरून ७२ सेंटिमीटरवर जातो. मोठी झेप वाटते, पण इंजिनच्या मापाने तीही अर्ध्या लांबीच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. घट ८ वरून साधारण साडेदहावर येते. आणि पंचवीसच्या आसपास डेसिबलच्या पुढे तर कुठलीच भिंत सहसा जात नाही, कारण तोवर हवेतून विखरून आणि समोरच्या इमारतींवर आपटून येणारा आवाज हिशेब बिघडवतो. तिसऱ्या मजल्यावरच्यांना तर साडेतीन मीटरच्या भिंतीवरून रस्ता सरळ दिसतो. ज्याला गाडी दिसते त्याला भिंतीचा उपयोग नाही, ही परीक्षा कुणालाही खिडकीतून करता येते.

खर्जाला अडवायचं तर वळसा त्याच्या मापाचा हवा, सेंटिमीटरांत नव्हे, मीटरांत. तेवढी उंच आणि रुंद भिंत आमच्याकडे एकच होती, ती म्हणजे आमची इमारत. आईचा पलंग आम्ही मागच्या, अंगणाकडच्या खोलीत हलवला. तिथे पोचायला घरघरीला चार मजले चढून गच्ची ओलांडून खाली उतरावं लागतं, नाहीतर बाजूने लांबचा फेरा घ्यावा लागतो. वळसा कित्येक मीटरांचा झाला. त्या खोलीत सकाळी ऊन येत नाही, याबद्दल आई रोज बोलते. गाड्यांबद्दल आता बोलत नाही.