दूध बंद करण्याचे पत्र

अंबरनाथ पश्चिमेच्या एका खानावळीला आमच्या घरचे दूध ११ वर्षे जात होते. रोज ४० लिटर, भाव सध्या ६० रुपये. मालक बोलायला गोड, पण गिऱ्हाईक म्हणून फार अवघड. रात्री दहाला निरोप यायचा, उद्या वीसच लिटर आणा. म्हशींना तो निरोप कोण सांगणार? शिवाय दर दहा दिवसांनी होणारा हिशेब महिना-दीड महिन्यावर गेला. अखेर बंद करायचे ठरले. दुधाची वही माझ्याकडे, म्हणून पत्रही मीच लिहिले.

आमच्या ह्यांना पत्रात ११ वर्षांचा सगळा राग ओतायचा होता. मी एक ओळही घातली नाही. वाचकहो, खानावळीकडे ४२,००० रुपये यायचे होते. तक्रारी लिहिल्या की समोरचा तक्रारींनाच उत्तरे देत बसतो आणि पैशाची गोष्ट मागे पडते. पत्र असे लिहिले:

“स. न. वि. वि. आपल्या करारातील तीस दिवसांच्या सूचनेच्या अटीप्रमाणे कळविते की, ३० जूनच्या सकाळचे दूध आमचे शेवटचे असेल. तोवर रोजचे दूध ठरल्या भावाने येईल. आजअखेर आपणाकडून ४२,००० रुपये येणे आहेत. वहीचा उतारा जोडला आहे. आकडा मान्य असल्यास सोबतच्या प्रतीवर तारीख घालून सही करून द्यावी. आमचे चार कॅन शेवटच्या दिवशी परत मिळावेत. इतकी वर्षे दूध घेतलेत, आभारी आहोत.”

शेवटचा महिना दूध चालू का ठेवले, असे तुम्ही विचाराल. करारात मुदत असताना एकदम बंद केले, तर “माझे नुकसान झाले” म्हणून तो बाकीतून पैसे कापू पाहतो. सहीचे महत्त्व त्याहून मोठे. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत सरण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर सहीच्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजतात. तोंडी कबुलीने मुदत वाढत नाही. आणि “आपला हिशेब संपला” असले वाक्य रागाच्या भरात चुकूनही लिहू नका. उद्या तेच तुमच्यापुढे धरतील.

पत्र हातोहात दिले तर आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोस्टाने धाडायचे तर रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवले गेले आहे. तेव्हा स्पीड पोस्टाच्या खिडकीवरच पोचपावती मागावी.

आमचे पत्र वाचून मालकांनी एका दिवसाचे दूध नासल्याचे काढले. २,४०० रुपयांसाठी महिनाभर वाद कोण घालणार? मी ते वगळले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ३९,६०० लिहून सही केली आणि पैसे तीन हप्त्यांत दिले. कॅन मात्र तीनच परत आले.