उलटा सुविचार

उलटा सुविचार खऱ्या सुविचारासारखाच सुरू होतो आणि शेवटच्या दोन-चार शब्दांत जमिनीवर येतो. ‘पहाटे लवकर उठा, दुपारची झोप छान लागते.’ याचा पहिला भाग शाळेच्या फळ्यावर शोभेल असा आहे, म्हणूनच दुसरा हसवतो. क्रम बदलून ‘दुपारी झोप छान लागावी म्हणून लवकर उठा’ असे लिहिले, तर निव्वळ सल्ला उरतो. कलाटणी शेवटीच हवी. तिच्यामागे उद्गारचिन्ह किंवा हसरा इमोजी लावला की कोरडेपणातली गंमत जाते.

वाक्य बोचरे आहे का, हे ते कोणाला उद्देशून आहे त्यावरून कळते. ‘तुझ्याच्याने व्यायाम होणार नाही’ हे एकालाच टोचते. ‘जिमची वर्षाची फी भरली की पहिला आठवडा फार उत्साहात जातो’ यात सगळेच सापडतात. कडवटपणाही ओळखता येतो: ‘कष्टाला किंमत नाही’ ही तक्रार झाली, तर ‘कष्टाचे फळ मिळतेच, बहुधा आणखी कामाच्या रूपात’ हा विनोद.

ज्या ग्रुपवर उलटा सुविचार पाठवायचा, त्यातल्या कोणाची नोकरी गेली असेल किंवा घरी आजारपण असेल, तर त्या दिवशी असे काही पाठवू नये. सरळ फोन करावा.