चेहरा उजेडात, माइक अंधारात

बूम धरणाऱ्याचा हात किती मजबूत आहे, असं लोक विचारतात. मी मात्र नव्या मुलाला आधी दिवे कुठे आहेत ते बघायला सांगतो. माइक पात्राच्या डोक्यावर हातभर अंतरावर ठेवायचा असतो आणि तेवढ्याच जागेत चौकटीची वरची कड असते, दिव्याचा झोत असतो आणि आपली काठीही असते. या तिन्हींचा मेळ घालणं हे खरं काम, आणि ते ‘रोल साउंड’ म्हणण्याआधीच संपलेलं असावं लागतं.

कर्जतजवळच्या दहिवलीतल्या एका जुन्या कौलारू घरात आम्ही चार मिनिटांचा एक सलग टेक घेतला होता. डिसेंबरातली दुपार होती. मुंबईहून आलेली नात अंगणातून चालत येते, पडवीत बसलेल्या आजीशी दोन वाक्यं बोलते आणि माजघरात आईसमोर जाऊन उभी राहते. कॅमेरा तिच्यापुढे उलटा चालत पडवीत येतो, तिथे वळतो आणि तिच्या मागोमाग आत जातो. अंगण आणि पडवी माझ्याकडे होती. माजघरात दुसरा बूम घेऊन माझा जोडीदार उभा होता.

पहिला प्रश्न वजनाचा. काठी कार्बन फायबरची, हलकी असते. पण माइक, त्याचा रबरी झुला आणि वाऱ्याचं केसाळ कव्हर मिळून टोकाला सहाशे ग्रॅम धरू. पुढचा हात हा टेकू आणि त्याच्यापुढे सव्वादोन मीटर काठी. दोन हातांत ऐंशी सेंटीमीटर अंतर असेल, तर टोक वर राहावं म्हणून मागच्या हाताला सुमारे पावणेदोन किलोचा दाब खाली द्यावा लागतो. हेच हात चाळीस सेंटीमीटरवर आणले की दाब दुप्पट होतो. म्हणून हात खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवायचे आणि मागच्या हातामागे वीतभर काठी शिल्लक ठेवायची, म्हणजे तिचं वजनही आपल्या बाजूने काम करतं. हात डोक्यावर जवळजवळ सरळ, कोपर किंचित सैल, एक पाऊल पुढे. असं उभं राहिलं की वजन दंडावर न थांबता हाडांवरून पायांत उतरतं. कोपर वाकवून छातीसमोर धरलेली काठी दुसऱ्या मिनिटाला थरथरू लागते, आणि ती थरथर हेडफोनमध्ये खोल गुरगुरीसारखी ऐकू येते. मूठ आवळली तरी तोच आवाज येतो. काठी बोटांवर टेकवायची, अंगठ्या काढून ठेवायच्या आणि आतली केबल काठीला आपटत नाही ना, हे काठी हलवून ऐकायचं.

दुसरा प्रश्न अंगणातल्या उन्हाचा. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास इथे सूर्य क्षितिजापासून साधारण ३० अंशांवर, नैर्ऋत्येला असतो. त्या कोनात अडीच मीटर उंचीवरच्या काठीची सावली जमिनीवर सव्वाचार मीटर दूर, ईशान्येला पडते. घराचं तोंड पश्चिमेला. मुलगी घराकडे येताना ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, त्यामुळे काठीची सावली कॅमेऱ्याच्या मागे पडत होती. मी कॅमेऱ्याशेजारी, उत्तरेच्या अंगाला राहून त्याच्याबरोबर उलटा चालायचं ठरवलं. मागे काय आहे ते पाहता येत नाही, म्हणून पायऱ्या पावलांनी मोजून घेतल्या आणि माझ्या कमरेला हात लावून चालायला एक मदतनीस घेतला.

घोळ पडवीच्या दारात होता. तिथे कॅमेरा वळून आत बघू लागला की ऊन त्याच्या पाठीमागे जातं. अंगणात उरलेल्या काठीची सावली मग थेट पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर येणार. स्थिर सावली एखाद वेळी नजरेतून निसटते, हलणारी कधीच नाही. इथे वाट दिली ती वळचणीनं. कौलांची कड पडवीच्या जमिनीपासून जेमतेम १.८ मीटरवर होती आणि छप्पर आत चढत जात होतं. म्हणजे पडवीत त्या कडेपेक्षा उंच असलेल्या कशावरच ऊन पडत नव्हतं. कॅमेरा वळण्याआधी अख्खी काठी छपराखाली आली आणि वर गेली की सावलीचा प्रश्नच मिटला. अडचण एवढीच, की कडेखालून जाताना माइक खाली घ्यावा लागतो.

‘मॉनिटर’च्या वेळी मी माइक मुद्दाम चौकटीत उतरवला आणि हळूहळू वर नेला.

“दादा, कड सांगा.”

“अजून… अजून… बस.”

पायरीपाशी कॅमेरा मुलीच्या खूप जवळ यायचा, चौकट घट्ट व्हायची, म्हणून तिथे वीतभर जागा जास्त मिळाली. त्या जागेतून माइक आत शिरला. पुढे आजीकडे वळताना काठी फिरवली नाही, फक्त मनगट वळवून माइकचं तोंड तिच्याकडे केलं. हे वाक्याआधी व्हावं लागतं. आजी बोलण्यापूर्वी श्वास घ्यायच्या, तोच माझा इशारा. संवाद पाठ नसतील तर माइक नेहमी अर्धा शब्द मागे राहतो.

माजघरात उलट परिस्थिती. ऊन नाही, पण खिडकीबाहेर १.८ मीटर उंचीवर एक कडक दिवा. आई त्या दिव्यापासून चार मीटरवर, तिच्या डोक्यावर २.१ मीटरवर माइक, आणि मागच्या भिंतीवर त्याची ठसठशीत सावली. जोडीदारानं काठी खिडकीच्या विरुद्ध बाजूनं आणली होती, त्यामुळे झोतात काठी आडवी येत नव्हती, पण टोक येतच होतं. दिवा हलवला असता तर चेहऱ्यावरचा उजेड बिघडला असता. त्यानं हिशेब केला. खिडकी दिवा आणि आई यांच्या बरोबर मध्ये. दिव्यापासून माइककडे जाणारी रेघ खिडकीतून १.९५ मीटरवरून जाते, आईच्या माथ्याकडे जाणारी १.७ वरून. खिडकीची वरची चौकट २ मीटरवर. लाइटवाल्यांनी तिथून पंधरा सेंटीमीटर काळं कापड, म्हणजे कटर, खाली सोडला. माइक अंधारात गेला, चेहरा तसाच उजळ राहिला. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसत होती, ती खिडकीचीच वाटत होती. बाहेर वळचणीनं जे काम केलं, तेच आत कापडानं केलं.

इथे माइकही वेगळा होता. अंगणात लांब शॉटगन चालतो, कारण तो वरून जमिनीकडे रोखलेला असतो आणि उल्हास नदीपलीकडून, कर्जत स्टेशनातून येणारे भोंगे त्याच्या बाजूने येतात, तिथे तो कमी ऐकतो. घाट चढायला गाड्यांना मागून बँकर इंजिनं इथेच लागतात, त्यामुळे भोंगे चुकत नाहीत, आणि भोंगा संवादावर आला तर कुठलाच माइक वाचवत नाही, टेक पुन्हा घ्यावा लागतो. बंद खोलीत मात्र शॉटगन भिंतींवरून परतणारा आवाज विचित्र पोकळ करून देतो. म्हणून आत आखूड सुपरकार्डिऑइड.

‘लगान’नं २००१ मध्ये चित्रीकरणाच्या जागीच आवाज घेण्याची ताकद हिंदीत दाखवली. मराठीत ‘ख्वाडा’ला लोकेशन साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण या कामाचा कस मला नेहमी एकाच जागी दिसतो. टेक झाल्यावर मी पडदा न बघता फक्त आवाज ऐकतो. अंगणातलं पोरीचं वाक्य, पडवीतलं आणि माजघरातलं, या तिन्हींत खोली बदललेली कळली पाहिजे, पण तिचं तोंड माइकपासून दूर गेल्याचं एकदाही कळता कामा नये. तसं झालं असेल, तर काठी योग्य जागी होती.