शेवया भाजताना थांबायचं कुठे?

रमजानचे शेवटचे दिवस आले की नालासोपाऱ्यात स्टेशनजवळच्या दुकानांपुढे शेवयांचे ढीग लागतात. केसासारख्या बारीक, पांढऱ्या, कच्च्या शेवया एका बाजूला आणि आधीच भाजून आणलेल्या तांबूस शेवया दुसऱ्या बाजूला. शाळेतून परतताना मी दरवर्षी पाव किलो कच्च्या बारीक शेवया घेते. भाजलेल्या घेतल्या तर काम सोपं होतं, हे मला माहीत आहे. शाळेतल्या सहकारी भगिनी त्याच घेतात. पण त्या तुपावर मिनिटभरच परतायच्या असतात, हे विसरून पुष्कळजणी त्या पुन्हा पहिल्यापासून भाजत बसतात आणि मग शीरखुर्मा कडवट का झाला म्हणून विचारतात.

मीही अशी चूक केली आहे, फक्त कच्च्या शेवयांच्या बाबतीत. 2016 सालची ईद-उल-फित्र जुलैत आली होती. ऐन पावसाळा. आमचं घर तळमजल्यावर, भिंतींना ओल. चार दिवस आधी आणलेलं शेवयांचं पाकीट उघडून मी डब्यात ओतून ठेवलं होतं आणि डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. पहाटे फज्रनंतर मी गॅसपाशी उभी राहिले तेव्हा शेवया हाताला मऊ लागत होत्या. मोडताना कटकन आवाज यायला हवा, तो येत नव्हता. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दूध पाच लिटर. त्याला पाव किलो शेवया. रात्री भिजवलेली खारीक चिरून ठेवली होती. बदाम, पिस्ते आणि चारोळी तुपात आधी परतून बाजूला काढली होती. हे आधीच उरकावं लागतं, कारण चारोळी फार लवकर करपते आणि तिचे काळे कण तुपात राहिले की ते शेवयांना चिकटतात. शेवया दोन वेळा भाजायच्या, एका वेळी अर्ध्याच. हा आमच्या सासूबाईंचा नियम होता. कढईत गर्दी झाली की वरच्या पांढऱ्याच राहतात आणि खालच्या जळतात.

पहिल्या अर्ध्या शेवयांवर दीड मोठा चमचा तूप पडलं आणि त्याच वेळी वीज गेली. पावसात आमच्याकडे ती जातेच. मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात मी उलथणं फिरवत राहिले. पाच मिनिटं झाली तरी काही होईना. घाई होती, मुलांच्या अब्बांना ईदगाहला निघायचं होतं. मी गॅस वाढवला.

चूक तिथे झाली. शेवया दमट असतील तर सुरुवातीची आच त्यांच्यातलं पाणी उडवण्यातच खर्च होते. तोपर्यंत रंग बदलत नाही आणि आपल्याला वाटतं, गॅस कमी पडतोय. पाणी संपलं की मात्र त्या झपाट्याने तापतात. त्या वेळी आच मोठी असेल, तर हाती पुरतं अर्धं मिनिटही उरत नाही. माझ्या हाती ते उरलं नाही. टॉर्चच्या पांढऱ्या फटफटीत उजेडात सगळं फिकटच दिसत होतं. बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “पोरी, जळतंय!”

सासूबाईंना तेव्हा मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. त्या खाटेवर तसबीह घेऊन बसल्या होत्या. मी गॅस बंद केला, पण कढई चुलीवरच ठेवून त्यांच्याकडे गेले. परत आले तेव्हा तळच्या शेवया चॉकलेटी झाल्या होत्या. गॅस बंद झाला म्हणून जाड बुडाची कढई थंड होत नाही. ती आणखी दोन-तीन मिनिटं भाजतच राहते.

मी त्यातली एक शेवई चावून पाहिली. कडू. वरच्या निवडून घ्याव्यात असं मनात आलं, पण सासूबाई म्हणाल्या, “नको, चार काळ्या काड्यासुद्धा पाच लिटर दूध कडू करतील. टाकून दे.” ईदच्या दिवशी अन्न टाकताना जीव कासावीस झाला. दूध वाचलं, कारण शेवया दुधाच्या पातेल्यात न भाजता वेगळ्या कढईत भाजल्या होत्या. ते पातेलं वाया गेलं असतं तर आठवड्याच्या भाजीचे पैसे गेले असते.

उरलेल्या अर्ध्या शेवया त्यांनी बाहेर बसून माझ्याकडून भाजून घेतल्या, निव्वळ नाकाने. आधी कढई पुसून घ्यायला लावली. मग तूप वितळेपर्यंतच तापवायचं, धूर येऊ द्यायचा नाही. शेवया टाकल्यावर आच अगदी बारीक. तूप लागताच शेवया पिवळसर, चकचकीत दिसतात. तो तुपाचा रंग, भाजल्याचा नव्हे. इथे पुष्कळजणी फसतात. “आता कसला वास येतोय?” त्या विचारायच्या. कच्च्या पिठाचा. “मग थांबू नकोस, तळापासून वर काढत राहा.” दमट होत्या म्हणून नेहमीच्या पाच-सहा मिनिटांऐवजी नऊ-दहा मिनिटं लागली. हळूहळू त्या कढईत कोरड्या खुळखुळायला लागल्या, पिठाचा वास जाऊन ताज्या नानकटाईसारखा वास आला. “आता उतरव. परातीत पसर.” मला त्या अजून फिक्या वाटत होत्या. परातीत मात्र दोन मिनिटांत त्यांचा रंग एकसारखा फिकट सोनेरी झाला.

त्या दिवसापासून मी कढईशेजारी ताटलीत चिमूटभर कच्च्या शेवया ठेवते. दर मिनिटाला एक काडी त्यांच्याशेजारी ठेवून बघितली की उजेड कसाही असो, फरक कळतो. दहा काड्यांतल्या सहा-सात फिकट सोनेरी झाल्या आणि बाकीच्या पांढुरक्या राहिल्या की मी कढई उतरवते. उरलेलं काम तिची धग करते.

कमी भाजल्या तरी फसतं, ते तितकंसं वाईट नाही एवढंच. अशा शेवया दुधात एकमेकींना चिकटतात, खीर लापशीसारखी होते आणि पिठाचा वास राहतो. जास्त भाजलेल्यांना मात्र उपाय नाही. साखर वाढवून कडूपणा जात नाही, आणि त्या दूध पीत नाहीत, कडकच राहतात. साखर घालायची ती शेवया मऊ झाल्यावर. उपम्याच्या शेवया जाड असतात, त्यांना वेळ जास्त लागतो. कांदा-मिरची-कढीपत्त्यात त्या किंचित गडद झाल्या तरी चालतं. दुधात ते लपत नाही.

त्या वर्षी पाच लिटर दुधात सव्वाशे ग्रॅमच शेवया पडल्या. शीरखुर्मा पातळ झाला. पाहुण्यांनी वाट्यांऐवजी पेल्यांतून प्यायला आणि दोघीतिघींनी तो इतका हलका कसा झाला म्हणून विचारलं. सासूबाईंनी मला बोलू दिलं नाही. “आमच्याकडे असाच करतात,” म्हणाल्या.

सासूबाई आता नाहीत. गेल्या ईदला माझी मुलगी कढईपाशी होती, मी बाहेर बसले होते. वीज होती, उजेड होता, तरी तिने दोनदा हाक मारून विचारलं, “अम्मी, आता वास कसला येतोय?”